‘शेठ, चार दिवस वारीला जाऊ का?’

पहिल्या नोकरीत रजा मागायची म्हटलं की पोटात गोळा येतो. त्यात ती चार दिवसांची आणि कारण देवाधर्माचं. शिवाय काउंटरवर आपल्याशेजारी उभे असलेले लोक वेगवेगळ्या धर्माचे, एखादा तर देवच न मानणारा. कसं मागायचं? आधी तारीख, मग हिशेब, मग माणसं. या क्रमानं गेलं की बरंच सोपं होतं.

समजा, ती बिलोलीची आहे. बीकॉम झालं आणि नांदेडच्या एका मोठ्या कापड दुकानात नोकरी लागली. साडी काउंटर. दुकानात एकूण 24 माणसं, साडी काउंटरवर चौघं. एक ती. दुसऱ्या बाजी, पंधरा वर्षांपासून साड्या दाखवतात, गिऱ्हाईक त्यांचंच नाव विचारत येतं. तिसरा दादा, दरवर्षी न चुकता नागपूरला दीक्षाभूमीवर जाणारा. चौथा एमपीएससीचा अभ्यास करणारा पोरगा, ‘आपलं देवाचं काही नाही बा’ असं सरळ सांगणारा. सोमवारी दुकान बंद.

घरात वारीची परंपरा आहे. आजोबा जायचे, आता आई जाते. यंदा तिलाही जायचंय. ही गोष्ट उदाहरण म्हणून घेतलेली आहे, पण अशी काउंटरं तुम्ही पाहिलेली असणार. कदाचित पुढच्या वर्षी तुम्हीच तिथं उभे असाल.

पहिला मोह : खोटं बोलायचं

पहिला विचार काय येतो? ‘ताप आला म्हणून सांगते.’ किंवा ज्या आजीला आपण आधीच दोनदा मारलंय, तिला तिसऱ्यांदा मारायचं. मग वाखरीत कुणीतरी फोटो काढतं, मावशी तो स्टेटसला ठेवते आणि शेठच्या पुतण्याला तो दिसतो.

यात खरं नुकसान पकडलं जाण्याचं नसतं. आजारपणाचं खोटं सांगितलं की आपली माघार अचानक येते. सकाळी दहाला फोन, आणि काउंटरवर तीनच माणसं. बाजींना जेवायला जायला मिळत नाही. वारीचं खरं कारण दोन महिने आधी सांगता आलं असतं, तेच खोटं कारण आदल्या दिवशीच सांगावं लागतं. म्हणजे त्रास वारीमुळे झालेलाच नसतो, लपवाछपवीमुळे झालेला असतो. पण पुढच्या वर्षी कुणी खरं सांगून वारीला रजा मागितली, तर शेठच्या डोक्यात हीच गडबड आठवते.

तारीख कुठल्या जातीची आहे?

रजा मागण्याआधी एक प्रश्न विचारायचा : आपल्या सणाची तारीख किती दिवस आधी पक्की कळते? हे सगळ्या सणांचं सारखं नसतं, आणि मिश्र काउंटरवर निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

आषाढी एकादशी तिथीवर चालते. पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. 2025 मध्ये ती 6 जुलैला होती, 2026 मध्ये 25 जुलैला. एवढी पुढे का सरकली? कारण 2026 मध्ये ज्येष्ठ महिना दोनदा येतो, एक अधिक आणि एक निज. अधिक मास नसतो त्या वर्षी हिंदू सण साधारण अकरा दिवस मागे येतात, आणि अधिक मास आला की जवळपास एकोणीस दिवस पुढे जातात. त्यामुळे ‘मागच्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात होती’ असं धरून रजा टाकली तर गेलीच रजा वाया. पण कॅलेंडर बघितलं तर सहा महिने आधी सांगता येतं.

बाजींच्या ईदचं तसं नाही. रमजान ईद चंद्रावर. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर परवा. 2025 मध्ये ती 31 मार्चला झाली, पण ते पक्कं कळलं 30 च्या संध्याकाळी. बकरी ईद मात्र महिन्याच्या दहा तारखेला असते, म्हणजे चंद्र दिसल्यावर मध्ये नऊ-दहा दिवस मिळतात. इस्लामी वर्षात अधिक मास नसतो, त्यामुळे रमजान दरवर्षी अकरा दिवस मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतो.

दादाचं कॅलेंडर वेगळं. 6 डिसेंबरची तारीख कधीच बदलत नाही. दीक्षाभूमीला जाणारे कुणी दसऱ्याला जातात, कुणी 14 ऑक्टोबरला. त्याचं तो जानेवारीतच सांगू शकतो.

आता हे शेठच्या बाजूनं बघा. ‘एक महिना आधी पक्की तारीख सांगा’ असा एकच नियम सगळ्यांना लावला तर तो दिसायला समान आहे, पण बाजींना तो पाळताच येत नाही. त्यांना म्हणावं लागतं, ‘या दोनपैकी एक दिवस, चंद्र बघून.’ ही टाळाटाळ नाही. त्यांची तारीखच तशी आहे. ज्यांना आपली तारीख आधी कळते त्यांनी आधी सांगायचं, म्हणजे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी जागा उरते.

हिशेब : हातात आहेत किती?

आता कायद्याकडे. महाराष्ट्रात दुकानं आणि ऑफिसांसाठी 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. तो सुरुवातीला दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. ही मर्यादा वीसवर न्यायला राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2025 मध्ये मान्यता दिली. आपल्या उदाहरणातल्या दुकानात 24 माणसं आहेत, म्हणून दोन्हीकडून ते त्यात बसतं. तीन माणसांच्या मोबाइल शॉपीत मात्र सगळं मालकाच्या शब्दावर चालतं. आणि बॉर्डर ओलांडून बोधन, निजामाबाद किंवा हैदराबादला नोकरी असेल तर तिथं तेलंगणाचा कायदा, आपला नाही.

या कायद्यात सुट्ट्यांचे तीन वेगवेगळे डबे आहेत.

पहिला, किरकोळ रजेचा. वर्षाला आठ दिवस, पगारी. पण त्या एकदम मिळत नाहीत, तिमाहीनं जमा होतात, म्हणजे दर तीन महिन्यांनी दोन. वर्ष संपलं की उरलेल्या बुडतात.

दुसरा, वार्षिक रजेचा. एका कॅलेंडर वर्षात 240 दिवस काम झालं असेल, तर पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस.

तिसरा, सणांचा. वर्षाला आठ पगारी सुट्ट्या. त्यातल्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार कोणत्या, हे मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायचं असतं.

आता तिचा हिशेब मांडू. ती लागली 1 जुलै 2025 ला. डिसेंबरपर्यंत 184 दिवस, त्यातले सोमवार वजा केले तर कामाचे जास्तीत जास्त 158. 240 होत नाहीत. म्हणून 2026 मध्ये तिची वार्षिक रजा शून्य! पहिल्या नोकरीत बहुतेकांचा पाय इथंच घसरतो. ‘वर्ष झालं की मला पंधरा रजा आहेत’ असं धरून घरी शब्द देऊन बसतात. पण मोजायचं असतं कॅलेंडर वर्ष, आपण लागलो त्या तारखेपासूनचं वर्ष नाही.

किरकोळ रजा? जानेवारीत दोन, एप्रिलमध्ये दोन, जुलैत दोन. झाल्या सहा. एप्रिलमध्ये तिला ताप आला होता, एक गेली. उरल्या पाच.

तिला मनातून हवे होते सहा दिवस, मंगळवार 21 जुलै ते रविवार 26 जुलै. माळशिरसच्या पुढे पालखी गाठायची आणि वेळापूर, भंडीशेगाव करत चालत जायचं. पण सहा दिवस तिच्या खात्यात नाहीत. पाचही वापरल्या तर ऑक्टोबरच्या नव्या दोन जमा होईपर्यंत आजारी पडायचीसुद्धा सोय नाही. म्हणून ती चारवर येते. बुधवारी दुकान संपवून रात्रीची एसटी, लातूर-सोलापूर करत गुरुवारी वाखरी. पंढरपूरच्या अलीकडचा हा शेवटचा मोठा तळ, संतांच्या पालख्या इथं एकत्र येतात. शुक्रवारी दशमीला पालखीबरोबर पंढरपुरात चालत. शनिवारी एकादशी. रविवारी परतीचा प्रवास. सोमवारी दुकान बंद, पायांना विश्रांती. मंगळवारी सकाळी काउंटरवर. रजा चारच, आणि एक हातात शिल्लक.

पालखी सोहळ्याचं वेळापत्रक जाहीर झालं की वाखरीचा दिवस पुन्हा तपासायचा. तिथीची वाढ किंवा क्षय झाला तर मुक्काम एक दिवस इकडे-तिकडे होऊ शकतो. पंढरपूरच्या रांगेचंही आधीच ठरवून टाकायचं. एकादशीला पदस्पर्श दर्शनाची रांग तासन् तास चालते, आणि ‘दर्शन झालंच नाही, एक दिवस वाढवते’ असा फोन रविवारी करायचा नाही. लाखो वारकरी कळसाचं दर्शन घेऊन परततात, त्यांची वारी काही अपुरी राहत नाही.

‘पण हा तर माझा हक्क आहे ना?’

हक्क आहे, पण दिवसांच्या संख्येवर. किती दिवस हे कायदा सांगतो, नेमके कोणते दिवस हे सांगत नाही. राज्यघटनेचं कलम 25 धर्म पाळायचं स्वातंत्र्य देतं, पण त्यातून खासगी दुकानदारावर वारीची रजा द्यायचं थेट बंधन येत नाही. गंमत बघा, राज्य सरकारच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत दसरा आहे, ईद आहे, बुद्ध पौर्णिमा, महावीर जयंती, गुड फ्रायडे, नाताळ आहे. आषाढी एकादशी त्या यादीत नसते. म्हणजे वारीला जाणाराही इथं रजा मागणाराच असतो.

मग नाही म्हणण्याचं कुठलं कारण रास्त आणि कुठलं नाही? याचं चांगलं उत्तर अमेरिकेतल्या एका खटल्यात सापडतं. जेराल्ड ग्रॉफ हा पेनसिल्व्हेनियातल्या ग्रामीण भागातला पोस्टमन. रविवारी काम करणं त्याच्या ख्रिस्ती श्रद्धेत बसत नव्हतं. पुढे पोस्टानं रविवारी अॅमेझॉनची पार्सलं वाटायला सुरुवात केली. तो बदली मागून एका छोट्या पोस्टात गेला, तिथं रविवारचं वाटप नव्हतं. पण तेही सुरू झालं. त्याच्या वाटचे रविवार बाकीच्यांवर पडू लागले, कुरबुर वाढली, त्याच्यावर कारवाया झाल्या आणि 2019 मध्ये त्यानं नोकरी सोडली.

29 जून 2023 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की मालकाला ‘थोडा त्रास होतो’ एवढ्यावर नाही म्हणता येणार नाही, त्या धंद्याच्या मानानं मोठा बोजा पडतोय हे दाखवावं लागेल. सहकाऱ्यांवर पडणारा भार मोजायचा, पण तो कामावर परिणाम करतो तेवढाच. एखाद्याच्या धर्माबद्दल किंवा सवलत दिली म्हणून सहकाऱ्यांना वाटणारा राग त्यात धरायचा नाही.

तो कायदा आपल्याकडे लागू नाही. पण कसोटी नांदेडच्या काउंटरवरही वापरता येते. ‘त्या शनिवार-रविवारी काउंटरवर दोनच माणसं राहतील’ हे कारण झालं. ‘तुमचे सण फार असतात बुवा’ हे कारण नाही.

बदल्यात काय?

आता माणसं. ती चार दिवस नसणार, तेव्हा साड्या कोण दाखवणार?

तिनं शेठकडे जाण्याआधी बाजींना विचारलं. बाजी हसल्या. ‘जा गं, आषाढात गिऱ्हाईक असतंच किती?’ यात धंद्याचं मोठं शहाणपण आहे. जुलैत पेरण्या झालेल्या असतात, शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात आणि खतात अडकलेला असतो. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नसराई थांबते. कापड दुकानाला यापेक्षा थंड आठवडा मिळणं अवघड.

पण मग बदली ‘चार दिवसांना चार दिवस’ अशी बरोबर होईल का? नाही. बाजींना हवी असते ईदची सुट्टी, आणि ईदच्या आधीचे दिवस म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तिकडे एकटीनं काउंटर सांभाळलेला एक दिवस आषाढातल्या दोन दिवसांच्या तोडीचा. दादाचा 6 डिसेंबरही तसाच, तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झालेली असते. म्हणून नुसते दिवस मोजू नका, गर्दीही मोजा. ती बाजींना म्हणाली, ‘ईदच्या दोन्ही संभाव्य दिवसांना मी रजा टाकणार नाही. चंद्र दिसला की रात्री फोन करा, सकाळी मी दुकान उघडायला असेन.’ दोन तारखा मोकळ्या ठेवणं हीच तिची परतफेड. बाजींच्या अडचणीला नेमकं तेच लागतं.

आणि चौथा? एमपीएससीवाला? धोका खरं तर इथंच असतो. त्याचा सण नाही म्हणून प्रत्येक सणाला तोच उभा. ईदला तो, वारीला तो, दसऱ्याला तो. पहिल्या वर्षी तो काही बोलत नाही, दुसऱ्या वर्षी त्याचे टोमणे सुरू होतात. त्याची परीक्षा म्हणजे त्याची वारी समजा. पूर्व परीक्षेआधीचे चार दिवस त्याला मिळायला हवेत, तेही कारणाची पडताळणी न करता. वहीत चौघांची नावं आणि समोर दिवस लिहायचे. कारणाचा रकाना ठेवायचाच नाही. कुणाचं कारण पवित्र आणि कुणाचं साधं, हे काउंटरवर कुणी ठरवू नये.

हे जमतंय की बिघडतंय, कसं ओळखायचं? ती वही उघडायची. एकाच माणसाच्या नावापुढे ‘दुसऱ्याऐवजी आलो’ असे दिवस साठत असतील आणि फिटत नसतील, तर तो गप्प आहे एवढंच, खूश नाही.

प्रत्यक्ष अर्ज

तोंडी विचारायचं आधी, पण लेखी द्यायचंच. व्हॉट्सअॅपवर चालत असेल तर तिथं. तिनं जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे सहा-सात आठवडे आधी हे पाठवलं :

‘शेठ, नमस्कार. आषाढी वारीसाठी गुरुवार 23 जुलै ते रविवार 26 जुलै, चार दिवस रजा हवी आहे. माझ्या किरकोळ रजेत जुलैच्या धरून पाच शिल्लक होतात, त्यातून चार धराव्यात. शनिवार-रविवारी काउंटरवर बाजी आणि दादा दोघंही आहेत, त्यांच्याशी बोलणं झालंय. नवीन मालाचे स्टिकर बुधवारपर्यंत लावून ठेवते. मंगळवारी 28 ला हजर राहीन. जमेल का ते 20 जूनपर्यंत कळवलंत तर एसटीचं बुकिंग करता येईल.’

बघा, यात भक्तीवर एकही वाक्य नाही. ‘आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या’ नाही. ते सांगायला लाजायचं कारण नाही, पण रजेचा निर्णय त्यावर होत नाही. वारीचं नाव एकदा, स्वच्छ. मग तारखा, खातं, काउंटर, परतीचा दिवस. शेवटी उत्तराची तारीख. ती नसेल तर ‘बघू’ हे उत्तर जुलै उजाडेपर्यंत चालतं.

नाही म्हणाले तर?

आधी विचारा, अडचण नेमकी कुठल्या दिवसाची? बऱ्याचदा ‘नाही’ हे चार दिवसांना नसतं, एकाच दिवसाला असतं. रविवार अडत असेल तर शनिवारी संध्याकाळीच निघता येईल का? पंढरपूरहून त्या रात्री बाहेर पडणं गर्दीमुळे कठीण, हे धरूनच हो म्हणा. पगारी नाही तर बिनपगारी? तेही नाही तर मग लहान वारी. पुण्यात आयटी दिंडी निघते. त्यात नोकरदार मंडळी सगळा सोहळा न चालता सुट्टीचा दिवस साधून एखाद-दुसरा टप्पा चालतात. वारीला येण्याचा हाही एक रस्ता आहे.

पण दसऱ्याला सगळ्यांना सुट्टी, वारीला हो, आणि ईदला किंवा 6 डिसेंबरला मात्र दरवर्षी ‘माणसं कमी आहेत’ असं होत असेल, तर ती काउंटरची अडचण नाही. ते वहीत दिसतं. आणि ज्याला हो मिळालंय त्यानंच ते बोलून दाखवलं तर शेठला जास्त ऐकू जातं. त्यासाठी वेळही ठरलेली आहे : डिसेंबर, जेव्हा पुढच्या वर्षाच्या चार सणांच्या सुट्ट्या ठरतात. बहुतेक ठिकाणी ती यादी शेठ एकटेच लिहितात आणि भिंतीवर लावतात. कायदा म्हणतो, आपसात ठरवा. चौघांनी मिळून जाऊन विचारलं तर यादी बदलू शकते.

तिला होकार मिळाला. एकादशीच्या दिवशी दुपारी तिनं पंढरपुरातून बाजींना फोन केला. विठ्ठलाचं दर्शन कसं झालं ते सांगायला नाही. आदल्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकाची पैठणी कपाटात कुठल्या कप्प्यात ठेवलीय, ते सांगायला.